चाचांची शेवटची मेल

निवृत्त होणाऱ्या माणसाची निरोपाची मेल शुद्ध करून देणं हे काम माझ्या गळ्यात कधी पडलं ते आठवत नाही. रेवदंड्याच्या खाडीवर आमच्या कंपनीचा, बार्जमधून म्हणजे मालवाहू बोटींतून कोळसा उतरवायचा धक्का होता. ऑफिसात मी प्रशासनात. मराठी बरं आहे म्हणून सगळे माझ्याकडे. सगळ्यांना एकदम मेल पाठवायची परवानगीही प्रशासनालाच, त्यामुळे सुटका नव्हती.

धक्क्यावरच्या आमच्या पाळीप्रमुखांना सगळे चाचा म्हणत. बोर्ली पंचतनचे, बोलायला गोड, पण त्या आठवड्यात त्यांनी माझा जीव नको केला. चार दिवसांत मसुदा पाच वेळा पाठवला. एकदा कॅन्टीनवाल्याचं नाव राहिलं, एकदा सकाळच्या एसटीच्या ड्रायव्हरचं. 'मॅडम, जरासाच सुधरा. बाकी हाय तसाच ऱ्हावद्या.' शेवटच्या दिवशी सकाळी सहावा आला, आणि हे महाशय देणंघेणं नसल्याच्या फॉर्मवर सह्या गोळा करायला स्टोअर, सुरक्षा, दवाखाना असे फिरायला निघून गेले.

मी वैतागूनच उघडला. ऱ्हस्वदीर्घ सुधारले, 'तुमी'चं 'आपण' केलं, 'लय मजा आली'चं 'हा काळ आनंदात गेला' केलं. खाली ही नवीन ओळ होती :

'बार्जचा दोर तुटला तवा खलाशी जागेवर नवता आसं मी रजिस्टरात लिवलं. त्याला चा आणायला मीच धाडलेला. मेमो त्याला मिळाला, तो माझा होता.'

माझं डोकंच फिरलं. निरोपाच्या दिवशी कशाला जुनी मढी उकरायची? वरून साहेब मलाच विचारणार, हे तुम्ही सोडलंत कसं? मी ती ओळ काढली आणि तिथे नेहमीचं वाक्य टाकलं : 'कळत-नकळत माझ्याकडून कुणाचं मन दुखावलं गेलं असल्यास मोठ्या मनाने क्षमा करावी.' छान, औपचारिक, जिव्हाळ्याचं. चाचांना न दाखवता मेल पाठवून टाकली. धक्क्यावरच्या कामगारांना मेल आयडी नसत, म्हणून नेहमीप्रमाणे एक प्रत कॅन्टीनच्या बोर्डावर लावली.

दुपारी चहाला गेले तर तो खलाशी बोर्डासमोर उभा. त्याची फाईल माझ्याकडेच असायची; मेमोनंतर त्याची बढती थांबली ती थांबलीच. त्याच्या हाताखाली शिकलेली पोरं त्याच्या वर गेली. तो बोट ठेवून एकेक ओळ वाचत होता. शेवटाला पोचला की पुन्हा पहिल्यापासून.

मला बघून म्हणाला, 'मॅडम, चाचा बोलला व्हता, आज बोर्डावर वाच. ह्येच्यात माझा काय न्हाय. दुसरा पान हाय काय?'

तेवढ्यात चाचा आले, फॉर्म हातात, चेहरा घामेजलेला. त्यांनी चष्मा लावून बोर्ड वाचला. मग माझ्याकडे वळले. इतक्या वर्षांत मी त्यांना चिडलेलं पाहिलं नव्हतं.

'मॅडम, त्या एका ओळीसाठी अख्खी मेल लिवली व्हती मी. बाकीचा सगला तुमी कापला असता तरी चाललां असता.'

'चाचा, पण असं सगळ्यांसमोर...'

'खोटा सगल्यांसमोर लिवला. खरा काय याच्या कानात सांगू?'

खलाशी खाली बघत होता. मला स्वतःची इतकी चीड आली की चहा न घेताच मी वर गेले. चाचांचा सहावा मसुदा उघडला आणि एक अक्षरही न बदलता सगळ्यांना पाठवला, वर एवढंच लिहून : 'सकाळच्या मेलमध्ये मी फेरफार केला होता. चाचांची मेल ही आहे.' 'आसं' तसंच, 'चा' तसाच. साहेबांचा फोन आला. मी उचलला नाही.

नवी प्रत घेऊन खाली आले तेव्हा दोघं बाकावर शेजारी बसले होते. मी जुना कागद काढून नवा लावला. खलाशाने तो एकदाच वाचला. मग टाचण्या काढून कागद माझ्याकडे दिला.

'बोर्डावर लोकांनी बघितला नाय तरी चालंल,' तो म्हणाला. 'माझ्या फायलीत लावाल? मेमो हाय ना, त्याच्यावर.'

चाचांनी माझ्याकडून पेन मागून घेतलं आणि कागदावर सही केली. नोकरीतली त्यांची ती शेवटची सही. इतरांच्या सह्यांचा फॉर्म अजून अर्धा कोराच होता.