सव्वापट

माझी थाप बीडहून निघाली की मांजरसुंब्याच्या ढाब्यावर चहा पिऊन, मिशा फुटून परत येते, असं आमच्या कॉलेजात म्हणतात. चुकीचं म्हणतात. मिशा निघतानाच असतात. इलेक्ट्रॉनिक्स शिकवत माझी वीस-बावीस वर्षं गेली, आणि एवढ्या काळात माझ्या तोंडून अतिशयोक्तीशिवाय फक्त ओहमचा नियम बाहेर पडला असेल. म्हणूनच त्या दुपारचं सांगायला जड जातं. त्या दुपारी मी खरं बोललो होतो.

विभागात माझ्यापेक्षा धाकटा एक प्राध्यापक होता. त्याचा थोरला भाऊ गावाकडं वायरमन. वायरमन म्हणजे असा की, खांबावर चढला तर खारीनं खाली उतरून वाट द्यावी. तो एकदा खांबावरून पडला आणि त्याची मान मोडली. खांद्याखाली सगळं शांत. तोंड मात्र शाबूत, आणि ते तोंड माझ्या तोंडाच्या तोडीचं. आमची दोस्ती त्यावरच.

त्याच्या बायकोचं, म्हणजे वहिनीचं, म्हणणं, ह्यांच्या हाताचा उजवा अंगठा हलतो. दवाखान्यातल्या तपासणीत काही निघालं नव्हतं. पुण्याच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं: अंगठ्याच्या स्नायूत जराशी जरी हालचाल उरली असेल तर आणा, प्रयत्न करू. नसेल तर आणू नका, एवढा प्रवास त्यांच्या छातीला झेपणार नाही. वाटेतच जातील.

धाकट्यानं दवाखान्याच्या मशीनवर विश्वास ठेवायचं सोडून स्वतःच एक यंत्र बांधलं. अंगठ्याच्या बुडाशी दोन इलेक्ट्रोड, पुढं दहा हजारपट मोठं करणारा अँप्लिफायर, शेवटी एक रेझिस्टर आणि एक कपॅसिटर: हजार हर्ट्झच्या वरचं अडवणारा साधा फिल्टर. सगळं बॅटरीवर. एका सकाळी तो स्टाफरूममध्ये आला तो नाचतच.

"सर, हाय! अंगठ्यात जीव हाय!"

त्याचा हिशोब असा. स्नायू मेलेला असला तरी यंत्राची स्वतःची कुजबुज असतेच. ती कुजबुज, म्हणजे नॉइज, इलेक्ट्रोडसकट धरून दर रूट हर्ट्झला वीस नॅनोव्होल्ट. दहा हजारनं गुणलं की दोनशे मायक्रोव्होल्ट. त्याला हजाराच्या वर्गमुळानं गुणायचं, साधारण एकतीस पूर्णांक सहा. म्हणजे मीटरवर सहा पूर्णांक तीन मिलिव्होल्ट यायला हवेत. आले किती? सात पूर्णांक नऊ.

"सव्वापट, सर! वरचा पावपट कुणाचा? दादाचा!"

"आराम करताना किती येतं?"

"तेवढंच. स्नायू आखडलेला असतो ना, तो झोपत न्हाई."

मला खटकला तो 'सव्वा'. सव्वा म्हणजे देवाला आवडणारा आकडा. सव्वा रुपया, सव्वा किलो पेढे. पण आमच्या विषयात हा आकडा देवाचा नाही, 'पाय'चा आहे, वर्तुळाच्या गणितातल्या तीन पूर्णांक चौदाचा. पायच्या निम्म्याचं वर्गमूळ काढा, एक पूर्णांक पंचवीस येतं.

त्याच दिवशी आम्हा दोघांना त्याच्या गावी निघायचं होतं. दुसऱ्या सकाळची पुण्याची ॲम्ब्युलन्स ठरलेली. मी गाडीतच कागद काढला आणि त्याला म्हणालो, "तुझा फिल्टर हजार हर्ट्झवर भिंत घालतो असं तू धरलंस. तो भिंत नाही घालत बाबा, उतार करतो. हजारावर निम्मी शक्ती अजून जातेच, त्यापुढं पाझर चालूच. त्या उताराखालची सगळी माती उचलून तेवढ्याच उंचीची उभी भिंत घातली, तर ती हजारावर नाही, पंधराशे सत्तरवर उभी राहते. त्याचं वर्गमूळ घे."

त्यानं घेतलं. एकोणचाळीस पूर्णांक सहा. दोनशे मायक्रोव्होल्टनं गुणलं. सात पूर्णांक नऊ.

वाटेत सिरसाळं येईपर्यंत त्यानं तोच गुणाकार तीनदा केला. मग म्हणाला, "तुमी थापा मारता."

"पुस्तकात बघ."

"बघितलंय, सर. शिकवलंय मी हे. मलाच कसं आठवलं न्हाई?"

ह्याचं उत्तर मला माहीत होतं आणि त्यालाही. पडताळा कुणाला हवा असतो, मनासारखं उत्तर आल्यावर?

घरी पोचलो तर वहिनी दारातच. नारायणगडाच्या देवाला सव्वा किलो पेढ्यांचा नवस बोलली होती. पलंगावरून आवाज आला, "आले का थापांचे सरपंच? बारक्या, ह्यांना गूळपाणी दे, न्हाईतर पाण्याचाच गूळ करून सांगतील."

"तू गप पड," मी म्हणालो.

"पडलोयच की बे. दुसरं काय करतो?"

मोजमाप दुपारी दोननंतर करायचं, कारण दोनला लाइट जायची. तारांमधली पन्नास हर्ट्झची घरघर गेल्याशिवाय मीटर काही नीट सांगत नाही. लोडशेडिंगचं वेळापत्रक दादाला तोंडपाठ. पंखा थांबला तसा म्हणाला, "गेली. आमचा धंदाच तो. लावा."

धाकट्यानं इलेक्ट्रोड लावले. दादा डोळे मिटून अंगठा हलवत होता, म्हणजे हलवायचा हुकूम देत होता. कपाळाच्या शिरा अशा तटतटल्या की कोणी म्हणावं, हा आता पलंगासकट उठतो. सात पूर्णांक नऊ. मग धाकट्यानं इलेक्ट्रोड काढले आणि तेवढ्याच रोधाचा, डाळीच्या दाण्याएवढा एक रेझिस्टर त्यांच्या जागी लावला. सात पूर्णांक नऊ.

"हे काय लावलं?" दादानं विचारलं.

धाकटा माझ्याकडं बघायला लागला.

"मास्तर, कावून गप बसला? जन्मात कधी खरं बोलला न्हाई, आज बोल."

मी बोललो. उतार, भिंत, सव्वा, सगळं. बोलताना एकही मिशी लावली नाही.

दादा छताकडं बघत म्हणाला, "म्हंजी तो आवाज माझा न्हाई. मशिनीचा हाय."

"हो."

"दाण्याच्या अंगात बी तेवढंच हाय, जेवढं माझ्या अंगठ्यात."

मी तो दाणा काढून खिशात टाकला.

वहिनी मात्र माझ्यावर उसळली. "ह्यांचं काय ऐकता? हे शेळी व्याली तर हत्ती झाला म्हणून सांगतात! सगळ्या मुलखाला ठाऊक हाय. आज कोणता खरेपणा आला? उद्या गाडी येणार म्हंजी येणार."

तिचं काय चुकलं? आयुष्यभर मी जे पेरलं तेच तिनं मला वाढलं. खरं सांगायला एखादा खरा माणूस हवा होता, आणि घरात नेमका मी होतो.

"परत लाव," दादा भावाला म्हणाला. "एकदा. तिच्यासाठी."

धाकट्यानं इलेक्ट्रोड पुन्हा लावले. वहिनी मीटरजवळ येऊन बसली, नवऱ्याचा हात हातात घेऊन. "हलवा," ती म्हणाली. "हलवा हो." त्यानं डोळे मिटले. सात पूर्णांक नऊ. सात पूर्णांक आठ. सात पूर्णांक नऊ.

आणि एकाएकी मीटर उडाला. पन्नास, दीडशे, चारशे, आकडा थांबेचना. वहिनी किंचाळली, "बघा! बघा की! म्हणलं न्हवतं मी?" तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती माझ्याकडं अशी बघत होती की, सांगा आता काय सांगता.

दादानं डोळे उघडले. त्याला मीटर दिसत नव्हता. त्याला छत दिसत होतं, आणि छतावर पंख्याचं पातं हळूच हललं होतं.

"मी न्हाई गं," तो म्हणाला. "लाइट आली. बारक्या, गाडीवाल्याला फोन कर. नको म्हणावं."