लोटनचा झेल

मेहरूणचे गनीभाई पूर्वी दुकानांच्या पाट्या रंगवायचे. फ्लेक्समुळे तो धंदा बसला, तेव्हा ते फोटोवरून कॉमिकसारखी चित्रं काढायला लागले. आता स्पर्धा जिंकली की पोरं त्यांच्याकडे धावतात. भाईंचा एकच हट्ट असतो, आणि तो ते चहा पाजून ऐकवतात: फुगवायचं कितीही, पण खोटं घालायचं नाही.

पाचोऱ्याच्या क्रिकेट संघाचा कप्तान गिरधर आपल्या संघातल्या लोटनच्या झेलाचा फोटो घेऊन आला. सीमारेषेबाहेरून मोबाईलवर काढलेला. लोटन कॅमेऱ्याकडे झेपावलेला, उजवा हात पुढे, चेंडू तळव्याच्या किंचित वर, फलंदाज मागे लांब, बोटभर दिसणारा. हात हललेला, त्यामुळे पुसट. मैदानाशेजारी मोठं चित्र लावायचं होतं.

भाईंनी फोटोवर ट्रेसिंग पेपर ठेवला. मागच्या पायापासून पंजापर्यंत एकच कमान ओढली, जमीन तिरकी केली. जवळचं मोठं, लांबचं लहान, हे त्यांनी मुद्दाम ताणलं: पंजा डोक्याच्या दुप्पट, बूट चिंचोक्याएवढा. चेंडूमागे बॅटीपर्यंत रेघा सोडल्या, चेंडूपाशी जाड, मागे विरत जाणाऱ्या. आणि पुसट पंजाला पाच छान बोटं दिली.

लोटनच्या त्याच हाताची दोन बोटं कडबाकुट्टीच्या यंत्रात गेली आहेत, हे त्यांना ठाऊक होतं. कुठल्याही फोटोत तो हात पाठीमागे असतो, हेही. भाईंना वाटलं, पोराला गावासमोर कशाला उघडं पाडा. मला विचाराल तर दयेपोटी माणूस फार आगाऊपणा करतो.

लोटन पाहायला आला. गिरधर खूश होता. लोटन चित्रातला पंजा पाहून म्हणाला, "गनीभाई, हाऊ हात मना नही शे. झेल तीन बोटंस्नी लिधा."

भाई ओशाळले. आपला हट्ट आपणच मोडला, याची त्यांना खरंच लाज वाटली. कागद बाजूला सारून त्यांनी लोटनला हात पुढे धरायला सांगितलं. लोटनने आधी दाराकडे पाहिलं, मग हात टेबलावर आणला. इतका वेळ त्या हाताकडे कुणी पाहिलं नसेल. भाईंनी कागद परत ओढला, दोन बोटं खोडली आणि त्यांचे खुंट जसेच्या तसे काढले. गेलेल्या बोटांच्या जागी मोकळी फट राहिली, तिच्यातून चेंडू पूर्ण दिसायला लागला. मग कागदाच्या चारी कडांकडून रेघा ओढल्या, सगळ्या त्या फटीकडे धावणाऱ्या. आता पाहणाऱ्याची नजर दुसरीकडे जाणारच नव्हती, आणि भाईंना भीती वाटली ती त्याचीच. पंजा थोडा लहान करतो, असं ते म्हणाले.

लोटनचा हात अजून टेबलावरच होता.

"नको भाई," तो म्हणाला. "आजून मोठा काढा."