पंपाच्या टाक्या निघाल्या तो दिवस

मी भांडकुदळ आहे, हे आमच्या घरात सर्वमान्य आहे. म्हणूनच वडिलांच्या मागे पंपाच्या जागेचे कागद माझ्या हाती आले. राहुरीच्या पुढे नगर-मनमाड रस्त्याला लागून आमचं रान आहे. त्यातला रस्त्याकडचा तुकडा वडिलांनी तीस वर्षांच्या भाडेपट्ट्याने एका तेल कंपनीला दिला होता. भाडं कंपनी आम्हाला द्यायची. पंप चालवायला तिने एक डीलर नेमला होता. त्यांचा करार कंपनीशी, आमच्याशी नाही. मी त्यांना काका म्हणत असे.

मुदत संपली आणि कंपनीने मुदतवाढ नको असं कळवलं. आता काकांनी शिल्लक साठा संपवून पंप कंपनीच्या हवाली करायचा, आणि कंपनीने जमिनीखालच्या टाक्या स्वखर्चाने काढून, खड्डे बुजवून जागा आम्हाला मोकळी द्यायची, असं करारात होतं. तोवर भाडं चालूच.

कंपनीचा इंजिनिअर म्हणाला, टाक्या धुऊन वाळूने भरतो, जमिनीतच राहू द्या. काकांनीही त्याचीच री ओढली. "ताई, उगं उकरू नका. टाकी निघताना लई जोखीम असती." मला वाटलं, दोघं मिळून मला गुंडाळतायत. मी कलमावर बोट ठेवलं आणि म्हटलं, काढूनच न्या. शेजारी आमची विहीर आहे. लोखंड गंजून पाण्यात काय उतरेल, कुणी सांगावं? माझं म्हणणं चूक नव्हतं. चूक पुढे केली.

कामाच्या दिवशी सकाळी, कुणी जवळ येऊ नये म्हणून माणसं जागेभोवती दोरी बांधत होती. रानाच्या बाजूला बांधायला निघाली तेव्हा मीच म्हणाले, "तिकडून कोण येतंय? आमचंच रान आहे ते." निघताना आईला मात्र सांगून आले होते, "आज आपली जमीन मोकळी होणार."

दहाच्या सुमारास पेट्रोलच्या टाकीचा माथा उघडा पडला. तिच्यातलं पेट्रोल आधीच उपसलं होतं. आता काठावरून दोन कामगार पाइपने पाणी सोडत होते, म्हणजे आत कोंडलेली वाफ बाहेर पडेल. इंजिनिअरच्या हातातलं वाफ मोजायचं मीटर सारखं टिटी करत होतं.

"ही वाफ हवेपेक्षा जड असते," तो मला म्हणाला. "वर जात नाही, खड्ड्यात साचते. मीटर गप्प होईपर्यंत एक ठिणगीसुद्धा नको."

मी मान हलवली आणि पलीकडे पाहिलं. रानातून आई येत होती. हातात ताट, ताटात हळदकुंकू, नारळ, आणि पदराच्या आडोशाला पेटलेलं निरांजन.

भूमीची पूजा करायला ती आली होती. खड्ड्यापासून वीसेक पावलांवर. मला ओरडायचं होतं. पण तिने दचकून ताट पाडलं तर? पळत गेले आणि तीच घाबरून पुढे आली तर? काठावरच्या दोघांची तिच्याकडे पाठ होती. त्यांतल्या एकाने सकाळी माझ्याकडे चहात साखर कमी मागितली होती, एवढंच मला आठवत राहिलं. ही माणसं माझ्या हट्टापायी इथे उभी आहेत. आईसुद्धा.

काका पळाले नाहीत. पंपावरच्या लाल बादलीतली वाळू ओंजळीत घेऊन ते झपझप तिच्या समोर गेले.

"वहिनी, हितंच थांबा," असं हळू म्हणाले आणि ओंजळ निरांजनावर रिकामी केली.

हळदकुंकू, नारळ, सगळं वाळूत गेलं. आई थिजली. देवाच्या दिव्यावर माती! "भाऊ, ह्ये काय केलं वो?"

तेव्हा कुठे माझा आवाज फुटला, आणि तो आईवरच फुटला. सगळ्यांसमोर मी तिला वाट्टेल ते बोलले. म्हातारपणी अक्कल गहाण ठेवलीस का, असंही बोलले.

"तीस वर्सं तुमी लोकं हितं काडी वढू देत न्हवता," ती काकांना म्हणाली. "दिवाळीलाबी बांधावर पणती लावली न्हाई मी. पोरगी म्हणली, आज मोकळी हुनार. मला वाटलं, झाली."

दोरी रानाच्या बाजूलाही बांधा, असं मी माणसांना सांगितलं. इंजिनिअरने माझ्याकडे पाहिलं, आणि मी मान खाली घातली.

मीटर दुपारी गप्प झालं. क्रेनने टाक्या उचलल्या, पुढे खड्डे बुजले, आणि मी ताब्याच्या कागदावर सही केली.

पण टाक्या निघाल्या त्याच दिवशी संध्याकाळी आई देवापुढे काडेपेटी घेऊन बसली होती. बराच वेळ झाला तरी काडी ओढल्याचा आवाज येईना, म्हणून मी डोकावले. काडी तिच्या बोटांत तशीच होती.

"तू लाव गं," ती म्हणाली. "मला भ्या वाटतंय."

तेव्हापासून आमच्या घरात देवापुढचा दिवा मीच लावते.