मास्तरांची ओळ

ऑफिसात तिला सगळे घड्याळबाई म्हणत. तोंडावर ताई, पाठीमागे घड्याळबाई, आणि तिला दोन्ही ठाऊक होतं. बेचाळिशीची, जाड भिंगांचा चष्मा, डबा नेहमी एकटीने खाणारी. कोणाचं काम अडलेलं दिसलं की ते सुटेपर्यंत ती एकेकाच्या टेबलापाशी जाऊन मागे लागायची. हा वारसा वडिलांचा. ते पाण्याच्या पंपिंग स्टेशनवर ऑपरेटर होते आणि पाळी संपली तरी पुढचा माणूस येऊन वही वाचेपर्यंत खुर्ची सोडत नसत. वहीत तीनच ओळी असत: काय झालं, काय राहिलं, कुठे अडलं.

त्या तीन ओळी तिने ऑफिसात आणल्या. रुग्णांना औषधाच्या वेळेची आठवण करून देणारं ॲप ही मंडळी बनवत. निम्मी टीम इथे, निम्मी साडेआठ तास मागे असलेल्या एका शहरात. कोड लिहिला की त्याची पुल रिक्वेस्ट, म्हणजे तो आत घेण्याची विनंती, टाकायची, दुसऱ्याने तो तपासायचा, मगच तो मुख्य कोडात जायचा. पूर्वी हिने संध्याकाळी टाकलेलं काम तिकडचा माणूस दुपारी उघडायचा, एखादी शंका विचारायचा, तोवर ही घरी. उत्तर दुसऱ्या दिवशी, त्यावर पुन्हा शंका. चार ओळींच्या बदलाला चार दिवस! मग तिने आणि तिकडच्या मास्तरांनी मिळून सोपवणी सुरू केली. जायच्या आधी तीन ओळी लिहायच्या, म्हणजे तिकडच्याला विचारायला काही उरतच नाही. इकडे सव्वापाच झाले की तिकडे पावणेनऊची सकाळ, आणि मास्तरांनी लिहिलेला बॉट, म्हणजे आपोआप चालणारा प्रोग्रॅम, कोण कामावर आहे त्या यादीत बघून काम तिकडच्या एकाच माणसाकडे देई.

मास्तरांना तिने कधी पाहिलं नव्हतं. कॅमेरा ते लावत नसत. चुका मात्र शाळेतल्यासारख्या काढत, म्हणून मास्तर. बॉटचं बोलणंही त्यांचंच होतं. काम सोपवलं की तो लिही, "आता मी बघतो. तुम्ही निवांत घरी जा." आणि खाली दोन डोळ्यांची खूण उमटे.

दोघांनी एकच काम तपासू नये म्हणून घड्याळबाईने एक नियमही करून घेतला होता. ज्याच्याकडे सोपवलं, त्याचीच मान्यता लागणार. त्याशिवाय मुख्य कोडाचं कुलूप उघडणार नाही. या नियमाचा तिला फार अभिमान होता.

मास्तर दीड महिना रजेवर होते. रजेची शेवटची तारीख त्यांनी स्वतःच यादीत भरली होती, आणि ती रविवारी संपली. सोमवारी संध्याकाळी बॉटने तिचं काम मास्तरांना दिलं, तेव्हा तिला बरं वाटलं. तीन ओळींखाली तिने चौथी लिहिली, "या, वाट बघत होते."

काम नाजूक होतं. येत्या रविवारी पहाटे बऱ्याच देशांत घड्याळं एक तास मागे जाणार होती. तो एक तास दोनदा येणार, आणि त्या तासातली औषधाची आठवण ॲप दोनदा वाजवणार. अर्धवट झोपेतला म्हातारा माणूस दुसऱ्यांदा वाजलं की दुसरी गोळी घेणारच. तिचा बदल तेवढंच थांबवत होता. गुरुवारी सकाळी नवी आवृत्ती बाहेर पडणार होती, त्याआधी तो आत जायलाच हवा होता.

मंगळवारी सकाळी पाहिलं तर दोन डोळे होते, तपासणीचा शेरा नव्हता. बुधवारीही तसंच. मास्तरांच्या नावापुढे हिरवा ठिपका, "कामावर". एकूण सात रिक्वेस्टी त्यांच्यापाशी, सातांखाली डोळे. काम ज्याच्या नावावर, त्यालाच ते दिसे, त्यामुळे तिकडे कोणी हातही लावला नव्हता.

बुधवारी पाच वाजता तिने तिकडच्या नव्या मुलीला फोन लावला.

"अगं, मास्तरांना जरा हलव ना. दोन दिवस नुसते बघत बसलेत."

मुलगी म्हणाली, "ताई, तुम्हाला कोणी कळवलं नाही? मास्तर जाऊन तीन आठवडे झाले."

"पण ते तर... हिरवे दिसतायत."

"ते वेळापत्रकावरून आपोआप लागतं. खातं बंद करायचं राहिलंय कोणाचं तरी."

"या, वाट बघत होते" ही ओळ समोर स्क्रीनवर तशीच होती, खाली दोन डोळे.

रडायला वेळ नव्हता. मुलीने काम लगेच तपासलं आणि मान्यता दिली, पण कुलूप उघडेना. मान्यता मास्तरांचीच हवी! हाताने नाव बदललं, तर बॉटने मिनिटभरात पुन्हा मास्तरांनाच बसवलं. यादीत त्यांची ओळ होती तोवर तो ऐकणार नव्हता. नियम बाजूला सारायचा अधिकार एकट्या साहेबांना, आणि साहेब उद्या दुपारपर्यंत विमानात.

मग यादीतूनच ओळ काढायची. यादीही कोडातच होती, म्हणून तिने तो बदल करून रिक्वेस्ट टाकली. त्या यादीतल्या बदलांना मान्यता देऊ शकणारे दोघंच, ती आणि मास्तर. स्वतःच्या बदलाला स्वतः मान्यता देता येत नाही.

सव्वापाच वाजले. तिच्या नव्या रिक्वेस्टखाली अक्षरं उमटली, "आता मी बघतो. तुम्ही निवांत घरी जा."

आणि दोन डोळे उघडले.

शेजारच्या टेबलावर कोणीतरी हसत होतं, खिडकीत चांगलं ऊन होतं, आणि तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. माणूस गेला तरी त्याच्या परवानगीशिवाय त्याचं नाव पुसता येत नव्हतं. आणि हे तिनेच करून ठेवलं होतं.

या यादीत पूर्वी कोणी काय बदललंय ते तरी बघू, म्हणून तिने जुन्या रिक्वेस्टी उघडल्या. तिच्या पानावर अर्धवट मसुदे दिसत नसत. अर्धवट कामं बघितली की जीव कासावीस होतो, म्हणून तिनेच ते लपवले होते. आज तिने तो पडदा काढला.

एकच मसुदा होता. मास्तरांचा, अडतीस दिवसांपूर्वीचा. बदल एका ओळीचा, यादीतून त्यांचं स्वतःचं नाव काढलेलं. खाली सोपवणी होती.

"काय झालं: माझी ओळ काढली. आता रजेनंतर येणं होईलसं डॉक्टरांना वाटत नाही. काय राहिलं: ताई, तुमची मान्यता. कुठे अडलं: 'तपासणीस तयार' हे बटण माझ्याच्याने दाबवत नाही."

मसुदा असेतोवर कोणालाच निरोप जात नाही. अडतीस दिवस तो माणूस तिच्या दारात उभा होता, आणि ती दिवसभर इतरांची दारं वाजवत होती. आता मात्र तिला रडू आवरलं नाही.

आपली नवी रिक्वेस्ट तिने मागे घेतली आणि मास्तरांचं बटण तिनेच दाबलं. बदल मास्तरांचा होता, त्यामुळे मान्यता तिची चालत होती. शेऱ्यात तिने लिहिलं, "पाहिलं. काही राहिलं नाही." आणि तो बदल आत घेतला.

बॉटने यादी पुन्हा वाचली. वरून खाली, एकेका रिक्वेस्टीखालचे डोळे मिटत गेले. सातवे तिच्या कामाखालचे होते. ते सगळ्यात शेवटी मिटले, आणि त्या जागी नव्या मुलीचं नाव आलं. मुलीची मान्यता आधीच दिलेली होती. कुलूप उघडलं.

रविवारी आठवण एकदाच वाजली.

नियम तिने बदलला आहे. चार तासांत उत्तर आलं नाही, तर काम आपोआप पुढच्याकडे जातं. मसुदे आता तिच्या पानावर सगळ्यात वर असतात. बॉटचं वाक्य बदलूया का, असं नव्या मुलीने विचारलं होतं, पण घड्याळबाईने नको म्हटलं. सव्वापाचला ते उमटतं, आणि लॅपटॉप मिटायच्या आधी ती हळूच म्हणते, "येते, मास्तर."