फॉल-पिकोचा भाव

ग्वाल्हेरात महाराज बाड्यावरून सराफ्याकडे वळताना दौलतसिंहांचं साड्यांचं दुकान लागतं. दुकानाला लागून एक जिना आहे आणि जिन्याखाली वनमालाबाई जगदाळे बसतात. बावीस वर्षं त्या तिथेच आहेत. एक पिकोचं यंत्र, एक स्टूल आणि भिंतीला ठोकलेल्या फळीवर रंगीत रिळं, एवढाच पसारा. जगदाळ्यांचे पूर्वज दख्खनेतून तलवार घेऊन आले, असं त्यांचे यजमान बळवंतराव पाहुण्यांना अजून सांगतात. तलवार कुठे गेली ते कोणी विचारत नाही. घर चालतं ते बाईंच्या सुईवर. तीन वर्षांपूर्वी बळवंतरावांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं, तेव्हापासून तर फक्त त्याच सुईवर.

काम ठरलेलं. गिऱ्हाईक बाई दौलतसिंहांकडून साडी घेते, पायऱ्या उतरते आणि साडी वनमालाबाईंच्या पुढ्यात टाकते. खालच्या काठाला आतून फॉल लावायचा, पदराला पिको करायचा, दोन दिवसांनी परत द्यायची. साडी विकली गेली तर फॉल. साडी नाही तर फॉल नाही. नुसता फॉल नेसून कोणी लग्नाला गेलेलं ग्वाल्हेरने अजून पाहिलेलं नाही.

गेल्या वर्षी रेशमी सूत महागलं आणि साडेचार हजारांची चंदेरी साडी सहा हजारांच्या वर गेली. मग बायका यायच्या, पदर हातावर घेऊन बघायच्या आणि निमूटपणे घडी घालून ठेवायच्या. शेजारच्या कपाटातला ड्रेसचा कपडा मात्र हजार-बाराशेतच होता. त्याला ओढणीही होती, चमकही होती. त्या तो घेऊन खाली उतरायच्या आणि वनमालाबाईंना ओलांडून समोरच्या शिंप्याकडे जायच्या. ड्रेसला फॉल लागत नाही.

दौलतसिंहांचं काही बिघडलं नाही. हे कपाट नाही तर ते कपाट. समोरच्या शिंप्याने तर दुसरा कारागीर ठेवला. जिन्याखाली मात्र रोजच्या बारा साड्यांच्या सहा झाल्या. बळवंतरावांच्या गोळ्या आणि मालिशवाल्याचा दर काही निम्म्यावर आला नव्हता. काम असंच आटलं तर मालिश बंद करावी लागणार होती, आणि मालिश बंद म्हणजे तो हात कायमचा गेला. वनमालाबाई हे कोणाला बोलल्या नाहीत. रोज सकाळी नवऱ्याचा हात उचलून बघायच्या, कालच्यापेक्षा किती वर येतो ते.

एका बुधवारी त्यांनी पुठ्ठ्यावर खडूने लिहिलं: फॉल-पिको ८० रु. कालपर्यंत भाव एकशे वीस होता.

घरी तन्वीने कपाळाला हात लावला. मुलगी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला. मराठीत सुरू होते आणि अर्ध्या वाटेत हिंदीत उतरते.

"आई, सहा हजारची साडी घेणारी बाई चाळीस रुपयांसाठी मन बदलणार आहे का? कोई फॉल देखकर साड़ी थोड़े ही लेता है! साडी महाग झाली म्हणून तुझं काम कमी झालं. तू स्वस्त झालीस म्हणून साडी नाही विकली जाणार."

"तू कॉलेजात शीक," वनमालाबाई म्हणाल्या. "मी बाजारात बसून राहिले आहे बावीस वर्षं."

आणि बाजाराने त्यांचीच बाजू घेतली. पंधरा दिवसांत सहाच्या आठ झाल्या, आठाच्या बारा. वनमालाबाईंनी तन्वीला ऐकवून घेतलं. वाद जिंकल्यावर माणूस जेवढं बोलतं त्यापेक्षा जरा जास्तच बोलल्या. हिशेब मात्र सरळ होता: बारा साड्या ऐंशीने शिवून हातात तेवढंच येत होतं जेवढं आठ साड्यांचे एकशे वीसने आलं असतं. चार साड्यांची पाठदुखी फुकटची. तरी सहापेक्षा आठांचं बरं, असं म्हणत त्या संध्याकाळी कमरेला पट्टा बांधून घरी जायच्या आणि पोळ्या उभ्यानेच लाटायच्या, कारण एकदा बसल्या की उठवत नसे. मालिशवाला येत राहिला.

एक प्रश्न त्यांनी विचारला नाही. दौलतसिंहांकडे साड्या वाढल्या नव्हत्या, मग या बारा आल्या कुठून? न विचारायला कारण होतं. नाव लिहून घेताना बायका पत्ता सांगायच्या आणि बारांतल्या पाच-सहा जणी म्हणायच्या, "थाटीपुर." वनमालाबाई लिहायच्या आणि पुढची साडी ओढायच्या. माणसाला जे कळतं ते न कळल्यासारखं करायला फार शक्ती लागते. पाठीपेक्षा त्यानेच त्या जास्त थकत असाव्यात, असं मला वाटतं.

थाटीपुरात सुमनताई होत्या. सरकारी क्वार्टरांच्या मागे, आपल्या खोलीच्या गॅलरीत मशीन ठेवून त्याही हेच काम करायच्या. थाटीपूरच्या बायका साडी घ्यायला बाड्यावर यायच्या, पण फॉल घरापाशी सुमनताईंकडे लावायच्या. भाव सारखाच, मग बाड्याचा दुसरा फेरा कशाला? दोघींची ओळख फॉलच्या ठोक दुकानातली. गेली चौदा वर्षं दर दिवाळीआधी त्या तिथे भेटायच्या, एक-एक कचोरी खायच्या आणि येत्या वर्षाचा भाव ठरवायच्या. लिहिलेलं काही नाही, साक्षीदार कोणी नाही. साठाचे ऐंशी, ऐंशीचे शंभर, शंभराचे एकशे वीस, सगळं दोघींनी मिळून. ऐंशीचा पुठ्ठा मात्र वनमालाबाईंनी एकटीने लिहिला. कळवायचं म्हणून फोन हातात घेतला होता, आणि ठेवून दिला.

दीड महिन्याने सुमनताई स्वतःच आल्या. दुपारची वेळ, गिऱ्हाईक नव्हतं. हातात कापडी पिशवी, एक डोळा हिरव्या पट्टीने झाकलेला. वनमालाबाईंचा हात आपोआप पुठ्ठ्याकडे गेला. पण पुठ्ठा लपवायचा कुठे? तो तर मीच टांगला, असं मनात येऊन त्यांनी हात खाली घेतला.

"डोळ्याला काय झालं ताई?"

"मोतीबिंदू काढून घेतला. काम नव्हतंच, म्हटलं रिकामी आहे तर करून टाकू." सुमनताई स्टुलावर टेकल्या. "बळवंतरावांचा हात कसा आहे?"

"खांद्यापर्यंत येतो आता."

"छान झालं." त्यांनी पिशवी पुढे सरकवली. "पन्नास फॉल आहेत, सगळे नवे, धुऊन आटवलेले. आणि रिळं. तुझ्याकडे काम आहे, तुला लागतील. माझ्याकडे पडून राहणार."

वनमालाबाईंना भांडण हवं होतं. दोन शिव्या दिल्या असत्या तर चार परत देता आल्या असत्या, नवऱ्याचं आजारपण पुढे करता आलं असतं. सुमनताई पदराने मानेचा घाम पुसत राहिल्या.

"ताई, मी उद्याच परत एकशे वीस करते," वनमालाबाई घाईने म्हणाल्या. "तुमची गिऱ्हाइकं तुमच्याकडे येतील. मी चुकले. मला वाटलं, स्वस्त केलं तर नवीन बायका येतील."

"नवीन कुठून येणार वनमाला? साड्याच विकल्या जात नाहीयेत. माझ्याच आल्या तुझ्याकडे." आवाज चढला नव्हता, त्यात फक्त शीण होता. "आणि तू एकशे वीस केलेस म्हणून चंदेरी साडेचार हजारांची नाही होणार. सहा तुझ्या, सहा माझ्या, त्यात तुझंही भागत नाही, माझंही नाही. काम एकीपुरतंच उरलंय. तुझ्या घरात आजारी माणूस आहे. मी एकटी, कुठेही पोळ्या लाटेन. हरिशंकरपुरमला मुलींचं होस्टेल आहे, येत्या सोमवारपासून तिथे पोळ्यांना जाणार."

"या वयात? चाळीस जणींच्या पोळ्या?"

"साठ जणींच्या," सुमनताई म्हणाल्या.

मग त्या उठल्या. जाता जाता वळून म्हणाल्या, "आणि एक कर. जुन्या साड्यांना नाही म्हणू नकोस. नवी परवडत नाही म्हणून बायका आता कपाटातल्या जुन्या काढत आहेत. जुना फॉल उसवून नवा लावून मागतात. माझ्याकडे यायच्या, पण या डोळ्याने मला टाके उसवता येईनात. तू घे. पुढे तेच काम वाढणार आहे."

वनमालाबाई जुन्या साडीला हात लावत नसत. जुनं कापड उसवताना फाटलं तर बोल आपल्यावर येतो, म्हणून बावीस वर्षं त्यांनी सगळ्यांना परत पाठवलं होतं. या वर्षभरातच किती जणींना पाठवलं असेल! साडी महागल्यामुळे एक दार बंद झालं, तेव्हाच दुसरं उघडलं होतं, आणि त्या स्वतःच ते दिवसातून चारदा लोटून घेत होत्या. ते उघडं ठेवलं असतं तर पुठ्ठा लिहावाच लागला नसता. हे त्यांना कळलं तेव्हा सुमनताई गर्दीतून वाट काढत थाटीपूरच्या टेम्पोपर्यंत पोचल्या होत्या. हाक मारावी असं वाटलं, पण हाक मारून सांगायचं काय?

त्या दिवशी त्यांनी पुठ्ठा उतरवला आणि भाव परत एकशे वीस केला. दुसऱ्या दिवसापासून जुन्या साड्या घ्यायला लागल्या, आणि त्या आल्या. सासूच्या, आईच्या, लग्नातल्या. डांबरगोळ्यांचा वास येणाऱ्या. महिनाभरात नव्या-जुन्या मिळून दिवसाला दहा व्हायला लागल्या. उसवायला वेळ लागे, मान आखडे, पण घर नीट चाललं. तन्वीने आता ऐकवून घेतलं असतं तर बरं झालं असतं.

मग एका शनिवारी थाटीपूरची एक बाई आली. मोतिया रंगाची जुनी चंदेरी तिने मांडीवर उलगडली.

"थाटीपुर वाली आंटी ने तो बंद कर दिया," ती म्हणाली. "आसपास अब कोई बचा ही नहीं. कितना लोगी?"

"एक सौ बीस," वनमालाबाई म्हणाल्या, आणि थांबल्या. बावीस वर्षांत भाव सांगितल्यावर नेहमी एक वाक्य यायचं: तिकडे कमी घेतात, तुम्हीही कमी करा. त्याचं उत्तर त्यांना पाठ होतं: थाटीपुरातही हाच भाव आहे.

बाईने पर्स उघडली, एकशे वीस रुपये मोजून त्यांच्या हातावर ठेवले आणि कधी मिळेल तेवढं विचारून निघून गेली. वनमालाबाई ते पैसे तसेच धरून बसून राहिल्या. तिने घासाघीस करायला हवी होती, असं त्यांना फार वाटलं.