सून कुटुंबात येत नाही

पळस्प्याजवळच्या माझ्या छोट्या वर्कशॉपमध्ये दहा जण कामाला होते. त्यांचा ग्रुप मेडिक्लेम काढायचा ठरला तेव्हा एजंट म्हणाला, "कर्मचारी, जोडीदार आणि दोन मुलं असतातच. पण तुमच्या बजेटमध्ये वर एकच बसेल, आईवडील किंवा बाळंतपण."

मी हात वर करायला सांगितले. बाळंतपणासाठी पहिला हात पन्नाशीच्या ड्रायव्हरचा! सगळे खो-खो हसले.

"माज्या सुनेसाठी," तो म्हणाला.

"सून कुटुंबात येत नाही," एजंट म्हणाला.

"सगलं घर ती चालवते, नि ती कुटुंबात नाय? मग माजी आय धरा!" त्याने हात खाली घेतला. मतं झाली पाच-पाच.

तेवढ्यात हिशेब बघणाऱ्या मुलीने हळूच विचारलं, "बाळंतपणाला नऊ महिने थांबावं लागतं ना?"

"थोडा जास्त हप्ता भरलात तर ती अट निघते. मग सिझेरियनला पन्नास हजारांपर्यंत मिळतात, नॉर्मलला पस्तीस."

"बरं झालं," ती लाजून म्हणाली, "मला पाचवा लागलाय."

आम्हाला कुणाला पत्ताच नव्हता. ड्रायव्हरचा हात पुन्हा वर गेला. "आय माजी ठणठणीत हाय. हिच्यासाठी घ्या."

मी जास्तीच्या हप्त्यासकट तीच पॉलिसी घेतली. तिला मुलगी झाली, सिझेरियनने. बिल मर्यादेच्या थोडं वर गेलं, ते तिच्या नवऱ्याने भरलं. वर्कशॉपमध्ये बर्फी मात्र ड्रायव्हरने वाटली.