तीन प्रशिक्षणांच्या स्लाइड आणि एक गुणतक्ता

तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात गेल्या वर्षी एकाच मॉडेलला एका परीक्षकाने जवळजवळ पूर्ण गुण दिले आणि दुसऱ्याने जेमतेम पास केलं. निकालावरून बरीच बोलाबोली झाली. या वर्षी आमच्या केंद्रप्रमुखांनी मला बोलावून सांगितलं, "मॅडम, सगळ्या परीक्षकांसाठी एकच तक्ता बनवा. सामान आहेच, प्रशिक्षणांच्या स्लाइड पाठवून राहिलो."

स्लाइड मोबाइलवर आल्या. तीन वेगवेगळ्या प्रशिक्षणांच्या, काही तर तिरपे काढलेले फोटो. मी सडक अर्जुनीजवळच्या हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवते, तेव्हा त्या वाचणं कठीण नव्हतं. कठीण होतं त्यांचा मेळ घालणं. एकीत गुण शंभरपैकी, दुसरीत पन्नासपैकी, तिसरीत गुणच नाहीत, नुसते मुद्दे. 'नावीन्य', 'कल्पकता' आणि 'सर्जनशीलता' तीन ठिकाणी तीन निकष म्हणून बसलेले. आहे तसं उतरवलं असतं तर मुलाला एकाच गोष्टीचे तीनदा गुण मिळाले असते.

आमच्या शाळेतल्या गणिताच्या मॅडम गोंदियाहून येतात, बोलतात हिंदीतच. मधल्या सुट्टीत आम्ही दोघी स्टाफरूममध्ये बसलो. प्रत्येक मुद्दा वेगळ्या चिठ्ठीवर लिहिला आणि सारख्या अर्थाच्या चिठ्ठ्या एकत्र केल्या. शेवटी पाच गठ्ठे उरले: कल्पना, निरीक्षण व वैज्ञानिक विचार, उपयोग, मॉडेलची बांधणी, सादरीकरण.

मग भार ठरवायचा होता. जुन्या स्लाइडमध्ये बांधणीला सर्वांत जास्त गुण होते. मॅडम म्हणाल्या, "बांधणी तो बाजार से भी आती है. पैसे वाले का मॉडेल जीतेगा." म्हणून निरीक्षणाला तीस, कल्पनेला आणि उपयोगाला वीस-वीस, बांधणीला आणि सादरीकरणाला पंधरा-पंधरा ठेवले. बेरीज शंभर. प्रत्येक निकषाच्या चार पातळ्या. परीक्षकाने पातळी निवडायची, गुण भाराच्या प्रमाणात निघतील. निरीक्षणात दुसरी पातळी मिळाली तर तीसपैकी पंधरा.

पातळ्यांना मी आधी 'साधारण', 'बरे', 'चांगले', 'उत्तम' अशी नावं दिली होती. मॅडमनी विचारलं, "ये 'चांगले' और 'उत्तम' में फर्क क्या?" प्रत्येक नावापुढे आम्ही एकेका ओळीचं वर्णन लिहिलं. मग प्रयोगशाळेतलं पाणी गाळण्याचं जुनं मॉडेल काढलं, ते केलेल्या मुलीला बोलावलं आणि दोघींनी एकमेकींना न दाखवता गुण दिले. चार निकषांत आम्ही जवळपास होतो. सादरीकरणात मी तिला चौथी पातळी दिली, मॅडमनी दुसरी. वर्णनात 'आत्मविश्वासाने बोलते' असं होतं. मुलगी हळू बोलत होती, त्यामुळे मॅडमना तिच्यात आत्मविश्वास दिसला नाही. मला तिची उत्तरं पक्की वाटली होती.

ते शब्द आम्ही खोडले. चौथ्या पातळीचं वर्णन असं केलं: 'परीक्षकाच्या प्रश्नाला स्वतःच्या शब्दांत उत्तर देते आणि आपण केलेल्या निरीक्षणाचा दाखला देते.' खालच्या पातळ्यांतही डोळ्यांना दिसेल किंवा कानांना ऐकू येईल तेवढंच ठेवलं. निरीक्षणाची पहिली पातळी: 'नोंदी नाहीत'. चौथी: 'प्रयोग एकाहून जास्त वेळा करून नोंदी ठेवल्या आणि त्यांतून निष्कर्ष काढला.' दुसऱ्या एका मॉडेलवर पुन्हा गुण दिले, तेव्हा आम्ही एका पातळीपेक्षा जास्त लांब गेलो नाही.

प्रदर्शनाला परीक्षक दुसऱ्या तालुक्यांतून आले होते. पहिला नंबर चोरखमारा गावाकडच्या एका मुलीला मिळाला. तिने धानाच्या बांधीतली आणि नाल्याकाठची माती बाटल्यांत भरून, कोणत्या मातीतून पाणी किती लवकर झिरपतं ते पुन्हा पुन्हा मोजलं होतं. बाटल्या जुन्याच होत्या. आमच्या शाळेतल्या मुलाचं दिवे लावलेलं सुंदर धरण मागे पडलं.

त्याचे वडील मला गाठून म्हणाले, "मॅडम, सगळे लोक माह्या पोराचंच मॉडेल पाहून राहिले होते. मंग नंबर काऊन नाही आला?"

मी त्यांना परीक्षकांचा तक्ता दाखवला. बांधणीत चौथी पातळी, निरीक्षणात पहिली. त्यांनी ते वर्णन बोट ठेवून वाचलं. ते चिडले नाहीत. "बरोबर आहे, नोंदी नव्हत्या," म्हणाले. मग कागद माझ्या हातात देत त्यांनी विचारलं, "पण हे पोराले पहिले काऊन नाही सांगतलं? त्यानं लिहून ठेवलं असतं."

मी म्हटलं, "तुमचं म्हणणं खरं आहे." तक्ता परीक्षकांपर्यंत पोचला होता. ज्यांना गुण मिळणार होते त्यांच्यापर्यंत न्यायचं आम्हा कोणाच्याच मनात आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी केंद्रप्रमुखांना फोन केला. ते म्हणाले, "पाठवा सगळ्या शाळांना." गणिताच्या मॅडमनी मुलांसाठी वर्णनं आणखी सोपी केली. आता आमच्या प्रयोगशाळेच्या दारावर तो तक्ता लावलेला आहे, आणि मुलं मॉडेलला रंग लावायच्या आधी येऊन विचारतात, "मॅडम, नोंदी कितीदा घ्यायच्या?"